ईआरपी गो-लाइव्हपूर्वीची परफॉर्मन्स टेस्ट आणि महिनाअखेरीचा भार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईआरपी सुरू करण्याच्या तयारीत असलेल्या प्रकल्प-चमूंकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणासाठी घेतलेली वितरण कंपनी काल्पनिक आहे. तिचे आकडे मात्र हिशेबाने जुळणारे आहेत आणि तेच आकडे पुढील अनेक उत्तरांत वापरले आहेत.

१. यूएटीमध्ये सर्व व्यवहार व्यवस्थित झाले आहेत. मग वेगळी परफॉर्मन्स टेस्ट कशासाठी करायची?

यूएटीमध्ये, म्हणजे वापरकर्त्यांच्या स्वीकृती-चाचणीत, प्रत्येक व्यवहार बरोबर होतो की नाही एवढेच तपासले जाते, आणि तेही बहुधा थोड्या डेटावर व थोड्या माणसांकडून. साठ जण एकाच वेळी इन्व्हॉइस पोस्ट करत असताना मागे घसाऱ्याचा जॉब चालू असेल, तर तोच बरोबर व्यवहार किती वेळात पुरा होतो, याचे उत्तर यूएटीत मिळत नाही. ईआरपीतील गंभीर अडचणी बहुतेक वेळा एकट्या व्यवहारात नसतात, तर दोन व्यवहारांना एकाच वेळी एकच गोष्ट हवी असते तेथे असतात. म्हणून दोन्ही चाचण्या कराव्या लागतात आणि परफॉर्मन्स टेस्ट यूएटीनंतर, पण दुरुस्तीला पुरेसा वेळ उरेल इतकी आधी ठेवावी लागते.

२. आमच्याकडे ६०० यूजर लायसन्स आहेत. टेस्टमध्ये ६०० यूजर धरायचे का?

लायसन्सच्या आकड्यावरून भार ठरत नाही. भार ठरतो तो दर सेकंदाला किती व्यवहार येतात यावर, आणि टेस्टमधील यूजरची संख्या त्यावरून काढायची असते. त्यासाठीचे सूत्र सोपे आहे.

```
N = X * (R + Z)
```

येथे `X` म्हणजे दर सेकंदाचे व्यवहार, `R` म्हणजे प्रणालीला लागणारा वेळ आणि `Z` म्हणजे माणूस वाचण्यात, टंकण्यात व कागद पाहण्यात घालवतो तो वेळ, ज्याला थिंक टाइम म्हणतात. आमच्या उदाहरणातील कंपनी महिन्याच्या शेवटच्या दिवशी सर्वाधिक गर्दीच्या दोन तासांत ३,६०० इन्व्हॉइस करते, म्हणजे दर सेकंदाला ०.५. एका इन्व्हॉइसला प्रणाली ४ सेकंद घेते आणि माणूस ११६ सेकंद घेतो. म्हणून ०.५ × १२० = ६० यूजर पुरतात.

थिंक टाइम वगळला, तर तेच ६० यूजर दर ४ सेकंदांनी इन्व्हॉइस पाठवू लागतील आणि भार सेकंदाला १५ इन्व्हॉइसवर, म्हणजे खऱ्याच्या तीसपटीवर जाईल. अशा टेस्टमध्ये प्रणाली कोलमडली तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, आणि अशा निकालावर घाईने हार्डवेअर मागवण्याचा निर्णय तर मुळीच घेऊ नये. मात्र दर व्यवहाराच्या प्रकाराचा हिशेब वेगळा करा. इन्व्हॉइस, माल-आवक, पेमेंट नोंद आणि रिपोर्ट यांचे थिंक टाइम एकसारखे नसतात. उरलेले लॉग-इन केलेले पण निष्क्रिय यूजरही टेस्टमध्ये थोड्या प्रमाणात ठेवावेत, कारण त्यांची सेशन मेमरी अडवून बसतात.

३. महिनाअखेरीचा खरा भार किती, हे कसे शोधायचे? विभागप्रमुख तर नुसते अंदाज सांगतात.

जुन्या प्रणालीतील नोंदींतून काढा. येथे एक चूक फार सहज होते, ती म्हणजे पोस्टिंगच्या तारखेवरून मोजणी करणे. महिन्याच्या शेवटच्या तारखेची पोस्टिंग तारीख असलेली कित्येक डॉक्युमेंट पुढच्या महिन्याच्या पहिल्या तीन-चार दिवसांत नोंदवलेली असतात. तरतुदी, समायोजने आणि उशिरा आलेली खरेदी बिले बहुतेक याच प्रकारची असतात. पोस्टिंगच्या तारखेने मोजले तर शेवटच्या दिवशी खोटा डोंगर दिसतो आणि पुढच्या दिवसांचा खरा भार अदृश्य होतो. म्हणून डॉक्युमेंट प्रत्यक्ष तयार झाल्याची वेळ घ्या आणि निदान बारा महिन्यांच्या नोंदी पंधरा-पंधरा मिनिटांच्या गटांत मोजा. त्यात तिमाहीअखेर आणि वर्षअखेर सुटत नाहीत.

डॉक्युमेंटच्या संख्येबरोबर त्यांतील ओळीही मोजा. पाच ओळींचे इन्व्हॉइस आणि आठशे ओळींचे इन्व्हॉइस प्रणालीच्या दृष्टीने एक काम नव्हे, आणि मोठ्या ग्राहकांची लांबलचक एकत्रित बिले नेमकी महिनाअखेरीलाच निघतात.

४. टेस्टच्या डेटाबेसमध्ये किती डेटा असावा?

गो-लाइव्हच्या दिवशी असेल तितका, आणि शक्य असल्यास त्यावर आणखी वर्षभराच्या व्यवहारांची भर. रिकाम्या टेबलवर प्रत्येक क्वेरी वेगवान असते. इंडेक्स नसल्याची उणीव काही हजार ओळींत जाणवत नाही, पण काही कोटी ओळींत तीच क्वेरी काही मिनिटे घेते.

संख्येपेक्षाही डेटाची ठेवण महत्त्वाची आहे. स्क्रिप्टने डेटा भरताना सर्व ग्राहकांना सारखीच बिले वाटली जातात. प्रत्यक्षात एखाद्याच मोठ्या ग्राहकाच्या खात्यावर हजारो न जुळवलेली बिले पडून असतात आणि पेमेंट जुळवणीची स्क्रीन त्याच खात्यावर अडते. म्हणून मायग्रेशनच्या सरावातून आलेला खरा डेटा, नावे व खाते क्रमांक बदलून, वापरणे सर्वांत चांगले. डेटा भरल्यानंतर डेटाबेसची स्टॅटिस्टिक्स अद्ययावत करायला विसरू नका. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये त्यासाठी `ANALYZE` ही आज्ञा आहे. तसे न केल्यास डेटाबेस टेबल लहान समजून चुकीचा क्वेरी प्लॅन निवडू शकतो, आणि हीच गोष्ट गो-लाइव्हच्या पहाटे, मायग्रेशन संपल्या-संपल्या, खऱ्या प्रणालीतही घडू शकते.

५. टेस्टचा अहवाल पूर्ण हिरवा आहे, पण ईआरपीत इन्व्हॉइस तयारच झालेली दिसत नाहीत. असे का होते?

स्क्रिप्ट रेकॉर्ड करताना त्या वेळचे सेशन टोकन आणि स्क्रीनचे अंतर्गत क्रमांक तिच्यात जसेच्या तसे उतरतात. स्क्रिप्ट पुन्हा चालवल्यावर सर्व्हर ती टोकन ओळखत नाही आणि लॉग-इनचे पान किंवा चूक झाल्याचा संदेश परत पाठवतो. तो संदेश `HTTP 200` या यशाच्या कोडसहच येऊ शकतो, त्यामुळे टूलच्या लेखी सर्व सुरळीत असते. उपाय असा की प्रत्येक उत्तरातून नवे टोकन उचलून पुढच्या विनंतीत घालायचे (जेमीटरमध्ये त्यासाठी `Regular Expression Extractor` वापरता येतो), आणि उत्तरात नवा डॉक्युमेंट क्रमांक आला आहे का हे `Response Assertion` लावून तपासायचे.

एवढ्यावरही थांबू नका. टेस्टपूर्वी आणि टेस्टनंतर डेटाबेसमधील डॉक्युमेंट मोजा. दोन तासांत ३,६०० अपेक्षित असताना ९०० च सापडली, तर रिस्पॉन्स टाइमचा तक्ता बाजूला ठेवून आधी उरलेल्या २,७०० चे काय झाले ते शोधा. सर्व यूजरना एकच ग्राहक आणि एकच वस्तू दिली असेल, तर तेही बदला. एकाच नोंदीवर सर्वांनी झडप घातल्यामुळे अशी टेस्ट एकीकडे खोटे लॉक दाखवते आणि दुसरीकडे तीच नोंद मेमरीत राहिल्यामुळे खोटा वेगही दाखवते.

६. सर्व्हरचा सीपीयू जेमतेम २५ टक्के वापरला जातो, तरी महिनाअखेरीच्या टेस्टमध्ये इन्व्हॉइसची स्क्रीन अर्धा-पाऊण मिनिट अडकते. कारण काय असू शकते?

सीपीयू निवांत आणि यूजर ताटकळत, असे चित्र दिसले की पहिला संशय लॉकवर घ्यावा. महिनाअखेरीला सर्वाधिक आढळणारा लॉक इन्व्हॉइसच्या नंबर सिरीजवरचा असतो. लेखा-डॉक्युमेंटच्या क्रमांकांत खंड पडू नये अशी अट असेल, तर पुढचा क्रमांक एका टेबलच्या एकाच ओळीत ठेवलेला असतो. जो व्यवहार क्रमांक घेतो, तो कमिट होईपर्यंत, म्हणजे डेटाबेसमध्ये कायम होईपर्यंत, ती ओळ आपल्याकडे धरून ठेवतो, आणि तोवर बाकी सर्वजण थांबतात. किती सीपीयू वाढवले तरी ही रांग एकेरीच राहते.

आमच्या उदाहरणात हे कसे घडते ते पाहू. स्क्रीनवरून इन्व्हॉइस करणारा व्यवहार ही ओळ ०.८ सेकंद धरतो, म्हणजे त्या सिरीजमध्ये कितीही यूजर असले तरी सेकंदाला १.२५ हून अधिक इन्व्हॉइस होऊच शकत नाहीत. सेकंदाला ०.५ असताना काही अडत नाही. आता त्याच सिरीजमध्ये ९,००० नियतकालिक इन्व्हॉइस तयार करणारा जॉब सुरू होतो. प्रत्येक इन्व्हॉइसला त्याला ०.०६ सेकंद लागतात, पण तो ५०० इन्व्हॉइस झाल्यावर एकदा कमिट करतो. म्हणजे ओळ सलग ३० सेकंद त्याच्या हाती राहते. तेवढ्या वेळात स्क्रीनवरचे यूजर रांगेत जमा होतात. जॉबने कमिट केल्यावर त्यांचा नंबर लागतो, रांग उपसायला साधारण १४ सेकंद जातात आणि जॉब पुन्हा ३० सेकंद ओळ धरतो. लॉक आलेल्या क्रमानेच मिळतो असे धरले, तर एक फेरी सुमारे ४४ सेकंदांची होते. यूजरला केवळ लॉकसाठी १४ ते ४४ सेकंद थांबावे लागते, आणि एकटा चालला असता ९ मिनिटांत संपणारा जॉब १८ फेऱ्यांत सुमारे १३ मिनिटे घेतो.

हे ओळखण्यासाठी टेस्ट चालू असतानाच डेटाबेसला विचारावे लागते, कारण टेस्ट संपल्यावर लॉकचा मागमूस राहत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलवर पुढील क्वेरी दर काही सेकंदांनी चालवून निकाल जतन करा.

```sql
SELECT pid, now() - query_start AS waited,
       pg_blocking_pids(pid) AS blockers, query
FROM pg_stat_activity
WHERE cardinality(pg_blocking_pids(pid)) > 0;
```

`blockers` या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच क्रमांक दिसत असेल आणि तो जॉबचा असेल, तर निदान झाले. इतर डेटाबेसमध्येही अशीच सोय असते. सॅपमध्ये लॉकच्या नोंदी `SM12` मध्ये दिसतात, पण नंबर सिरीजच्या टेबलवरील डेटाबेस-पातळीचा लॉक तेथे दिसत नाही. तो `DB01` मध्ये पाहावा लागतो.

उपाय दोन आहेत. जॉबला स्वतंत्र नंबर सिरीज दिली की या ओळीवरची टक्कर पूर्णपणे थांबते, पण त्यासाठी लेखाविभागाची संमती आधी घ्यावी लागते. ती मिळत नसेल तर जॉबचे कमिट दर १० इन्व्हॉइसला करा. तेव्हा ओळ ३० ऐवजी ०.६ सेकंदच अडते. कमिटची संख्या वाढल्याने जॉब थोडा लांबेल, आणि तो तेवढा लांबणे मान्य करावे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण जॉबकडे रात्र असते आणि इन्व्हॉइस करणाऱ्याकडे मालाची गाडी उभी असते. क्रमांकांत खंड पडू देणारी सिरीज वापरणे हा तिसरा मार्ग तांत्रिकदृष्ट्या सर्वांत सोपा आहे, पण तो तंत्रज्ञांनी परस्पर निवडू नये.

काही प्रणाली लॉकसाठी थांबण्याऐवजी लगेच चूक परत देतात. ओडूमधील `no_gap` प्रकारची सिरीज ओळीवर `FOR UPDATE NOWAIT` लावते, म्हणून तेथे हीच अडचण वाढलेल्या वेळेऐवजी अयशस्वी किंवा पुन्हा केलेल्या प्रयत्नांच्या रूपात दिसते. तेथे प्रश्न ५ मधील डॉक्युमेंटची मोजणी अधिकच गरजेची ठरते.

७. मग महिनाअखेरीचे जॉब आणि यूजरचा भार वेगवेगळे तपासले तर चालणार नाही का?

आधी वेगवेगळे तपासावेच, म्हणजे प्रत्येकाचा मूळ वेळ कळतो. वरच्या उदाहरणातील ९ मिनिटे अशाच एकट्या धावेतून मिळाली आहेत. पण निर्णय द्यायचा तो दोन्ही एकत्र चालवून. कोणता जॉब किती वाजता सुरू होतो, कोण कोणाची वाट पाहतो आणि त्या वेळी कार्यालयात कोण काम करत असते, हे लेखाविभागाच्या क्लोजिंग वेळापत्रकावरून ठरवा. साठ्याचे मूल्यांकन संपल्याशिवाय नफ्याचा रिपोर्ट निघत नसेल, तर पहिल्याचा उशीर दुसऱ्यावर पडणारच. शिवाय एखादा जॉब उशिरा संपून सकाळच्या गर्दीत शिरला तर काय होते, याची एक धाव मुद्दाम ठेवा.

८. दुसऱ्यांदा टेस्ट चालवल्यावर घसाऱ्याचा जॉब ४० मिनिटांऐवजी ३ मिनिटांत संपला. सुधारणा झाली असे समजायचे का?

नाही. पहिल्या धावेत त्या महिन्याचा घसारा पोस्ट झाला. दुसऱ्या धावेत जॉबने सर्व मालमत्ता तपासल्या, पोस्ट करण्यासारखे काही उरलेले नाही हे पाहिले आणि तो संपला. बिलांची जुळवणी, तरतुदी आणि परकीय चलनाचे पुनर्मूल्यांकन यांच्याबाबतही असेच होऊ शकते. महिनाअखेर एकाच डेटावर दोनदा चालवता येत नाही. म्हणून टेस्टच्या आरंभीच्या स्थितीचा बॅकअप किंवा स्नॅपशॉट घ्या आणि प्रत्येक धावेपूर्वी तो रिस्टोअर करा. रिस्टोअरला किती तास लागतात हे पहिल्याच आठवड्यात मोजा, कारण दिवसाला किती धावा होतील हे बहुधा त्यावरच ठरते.

रिस्टोअरनंतर कॅशे रिकामा असतो. म्हणून मोजणी सुरू करण्यापूर्वी हलका भार काही वेळ चालवा आणि तो काळ निकालातून वगळा. महिन्याचा कालावधी प्रणालीत खुला आहे ना, हेही प्रत्येक वेळी पाहा. बंद कालावधीत पोस्टिंग क्षणात नाकारली जाते आणि ती वेगवान दिसते.

९. सरासरी रिस्पॉन्स टाइम मर्यादेत आहे. तेवढे पुरेसे नाही का?

प्रश्न ६ मधील दोन तासांची धाव घ्या. सुमारे ३,२०० इन्व्हॉइस ४ सेकंदांत झाली आणि जॉब चालू असताना सुमारे ३२० इन्व्हॉइसना प्रत्येकी ३३ सेकंदांच्या आसपास लागले. सरासरी ६.६ सेकंद येते, जी प्रत्यक्षात कोणाच्याच वाट्याला आलेली नाही. ९० वा पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातील नव्वद इन्व्हॉइस जितक्या वेळाच्या आत होतात तो आकडा, ४ सेकंद येतो, कारण अडलेली इन्व्हॉइस एकूण संख्येच्या ९ टक्केच आहेत. हीच टेस्ट आठ तास चालवली तर ती सव्वादोन टक्क्यांवर येतात आणि ९५ वा पर्सेंटाइलही ४ सेकंदच दाखवतो. म्हणून पर्सेंटाइल संपूर्ण धावेचा न काढता दर पाच मिनिटांचा काढा आणि त्याच आलेखावर जॉब सुरू व संपण्याच्या वेळा दाखवा. उंचवटा जॉबच्या वेळेशी जुळला की पुढचा शोध बराच सोपा होतो.

याच संदर्भात आणखी एक बाब आहे. ६० यूजर असलेली स्क्रिप्ट उत्तर आल्याशिवाय पुढची विनंती पाठवत नाही, त्यामुळे प्रणाली अडली की भार आपोआप घटतो. जॉबच्या १३ मिनिटांत सुमारे ४०० ऐवजी ३२० च इन्व्हॉइस झाली ती यामुळेच. टेबलापाशी बसलेल्या माणसांसाठी हे वास्तवाला धरून आहे, कारण तेही थांबतात. पण दुसऱ्या प्रणालीतून इंटरफेसने येणाऱ्या ऑर्डर कोणासाठी थांबत नाहीत. त्यांचा भार ठरलेल्या दराने, उत्तराची वाट न पाहता पाठवला पाहिजे.

१०. टेस्ट सर्व्हर खऱ्या सर्व्हरच्या निम्म्या क्षमतेचा आहे. निकाल दुप्पट करून चालेल का?

चालणार नाही. सीपीयूवर अवलंबून असलेल्या कामाबाबत असा अंदाज कदाचित जवळपास येईल, पण लॉक, कनेक्शनच्या मर्यादा आणि डिस्कचा वेग या प्रमाणात वाढत नाहीत. प्रश्न ६ मधील ३० सेकंदांचा लॉक दुप्पट सीपीयूवरही जवळजवळ तेवढाच राहील. खरा सर्व्हर गो-लाइव्हपूर्वी काही काळ रिकामा असतोच. निर्णायक धाव त्याच काळात त्यावरच घ्या, आणि लहान सर्व्हर स्क्रिप्ट व क्वेरी सुधारण्यासाठी वापरा. टेस्टनंतर खऱ्या सर्व्हरवर मायग्रेशनपूर्वीची स्वच्छ प्रत परत आणण्याची जबाबदारी कोणाची, हे लेखी ठरवा.

११. बँक, ईमेल आणि इतर बाहेरच्या प्रणालींचे काय करायचे?

त्या टेस्टपासून तोडा आणि त्यांच्या जागी खोटी उत्तरे देणारी सेवा ठेवा. तसे न केल्यास हजारो खऱ्या ग्राहकांना खोटी बिले जाऊ शकतात. मात्र ही सेवा क्षणात उत्तर देणारी नसावी. खरी प्रणाली दीड सेकंद घेत असेल, तर तेवढाच विलंब तिच्यातही घाला. बाहेरच्या उत्तराची वाट पाहताना ईआरपीची प्रक्रिया आणि डेटाबेस कनेक्शन अडकून राहत असेल, तर ते या विलंबाशिवाय दिसणारच नाही.

१२. आमची ईआरपी क्लाउडवर असून ती अनेक ग्राहक वापरतात. तेथे लोड टेस्ट करता येते का?

सेवा देणाऱ्या कंपनीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय करू नका. करारात बहुधा त्यावर बंधन असते आणि विनंत्यांच्या संख्येवर मर्यादाही असते. मर्यादा ओलांडल्यावर `HTTP 429` असे उत्तर येऊ लागले, तर आपण ईआरपीची नव्हे, त्या मर्यादेची चाचणी करत आहात. परवानगी मिळाली नाही तरी आपल्या हातातील भाग तपासता येतो, म्हणजे स्वतः लिहिलेले रिपोर्ट, कस्टम स्क्रिप्ट आणि इंटरफेसचा दर. मोठ्या डेटावर एकट्याने चालवलेला कस्टम रिपोर्टही बरेच काही सांगतो.

१३. टेस्ट नापास झाली आहे आणि गो-लाइव्हला दोन आठवडे उरले आहेत. काय करावे?

प्रथम नापास झालेले व्यवहार दोन गटांत लावा. वेळापत्रक बदलून सुटणारे एका गटात, आणि कोड किंवा रचना बदलावी लागेल असे दुसऱ्या गटात. जॉब रात्री हलवणे, कमिटचा आकडा कमी करणे, राहून गेलेला इंडेक्स लावणे आणि जड रिपोर्ट दिवसा बंद ठेवणे ही कामे दोन आठवड्यांत होतात, आणि प्रत्येक बदलानंतर पूर्ण धाव पुन्हा घेता येते. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशामुळे फरक पडला हे कळणार नाही.

दुसऱ्या गटातील एखादा व्यवहार महिनाअखेरीलाच अडत असेल, तर गो-लाइव्हची तारीख महिन्याच्या सुरुवातीला ठेवण्याचा विचार करता येतो. त्यामुळे पहिल्या क्लोजिंगपूर्वी तीन-चार आठवडे मिळतात. पण रोजचा व्यवहार, उदाहरणार्थ माल-आवक किंवा इन्व्हॉइस, साध्या दिवसाच्या भारातही मर्यादेबाहेर जात असेल, तर तारीख पुढे ढकलण्याची शिफारस लेखी द्यावी. त्यासोबत कोणत्या भारापर्यंत प्रणाली मर्यादेत चालते तो आकडा जोडावा, म्हणजे निर्णय घेणाऱ्यांना काही शाखा आधी आणि बाकीच्या नंतर सुरू करण्याचा पर्यायही तपासता येतो.